बाहीच्या टोकाला चार भोकं

दुकानातून नवा, उंची शर्ट आणावा, घरी येऊन हौसेनं चढवावा आणि बाहीशी येऊन थबकावं. बाहीची मनगटाकडची पट्टी नेहमीपेक्षा दुप्पट लांब. तिला घडी घातली की टोकाशी एकावर एक चार भोकं येतात, पण बटण मात्र एकही नाही! पहिल्यांदा असा शर्ट घेतलेली कितीतरी माणसं तो परत घेऊन दुकानात गेली असतील. शिंप्याची यात काही चूक नाही. ही जागा त्यानं मुद्दाम रिकामी सोडली आहे. तिथे काय बसवायचं हे तुम्ही ठरवायचं, आणि जे बसवाल ते धुलाईआधी काढून ठेवायचं.

त्या रिकाम्या जागेत बसणारी वस्तू म्हणजे कफलिंक. वजन जेमतेम काही ग्रॅम, आकार नखाएवढा. बहुतेकांना ती निव्वळ मिरवण्याची वाटते. पण ती हातात घेऊन उलटीकडून पाहिलीत कधी? मागे एक दांडा, दांड्याला बिजागरी, बिजागरीत फिरणारी लहानशी गोळी. फिरवली की ‘टक्’ असा आवाज होऊन ती जागच्या जागी बसते. नखाएवढ्या दागिन्यात यंत्र कशाला लागलं?

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. सोळाव्या शतकात युरोपातले श्रीमंत पुरुष शर्टाच्या बाह्या मनगटाशी नाडीनं किंवा फितीनं बांधत. सतराव्या शतकात फितीच्या जागी बटणांची जोडी आली. दोन बटणं, मध्ये चार-दोन कड्यांची साखळी, आणि बाहीच्या दोन्ही बाजूंनी ती आरपार ओवायची. कफलिंकचा जन्म तो हाच. इंग्लंडच्या शेतांत धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या हौशी लोकांना अशी चांदीची बटणं आजही सापडतात, आणि त्यांतल्या पुष्कळांवर एकच नक्षी असते. शेजारी शेजारी दोन हृदयं आणि त्यांच्यावर राजमुकुट. १६६२ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांचं लग्न झालं, त्याची ही आठवण मानतात. राजाच्या लग्नाची खूण लोकांनी आपापल्या बाहीवर मिरवली!

हे लग्न आपल्याला परकं नाही. कॅथरिनच्या आंदणात पोर्तुगीजांनी चार्ल्सला मुंबई बेट देऊन टाकलं. पुढे १६६८ मध्ये राजानं ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं दिलं. म्हणजे ज्या सोयरिकीनं मुंबई इंग्रजांकडे गेली, तिची आठवण इंग्लंडात बाहीच्या बटणांवर कोरली जात होती.

पण तेव्हाची बाही मऊ होती. खरी गंमत एकोणिसाव्या शतकात सुरू झाली, आणि तिचं कारण होतं स्टार्च.

स्टार्च म्हणजे आपली खळ. तांदळाचं किंवा बटाट्याचं पीठ पाण्यात शिजवलं की पिठाचे सूक्ष्म कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि त्यांच्यातले लांबच लांब रेणू पाण्यात मोकळे होतात. कापड त्यात बुडवून वाळवलं की हे रेणू धाग्याधाग्यांमध्ये अडकून बसतात. वरून गरम इस्त्री फिरली की कापडाचा पापड होतो. कडक, गुळगुळीत, चकचकीत. व्हिक्टोरियाच्या काळात सभ्य गृहस्थाची कॉलर आणि बाहीचं टोक असंच असायला हवं होतं. मळतातही नेमके हेच दोन भाग. म्हणून ते शर्टापासून वेगळे करून धुण्याची युक्ती निघाली. अमेरिकेतल्या ट्रॉय गावात हॅना मॉन्टेग्यू नावाच्या गृहिणीनं १८२७ साली नवऱ्याच्या शर्टांच्या कॉलरी कापून काढल्या आणि तेवढ्याच धुऊन परत शिवायला सुरुवात केली, असं सांगतात. बाईंच्या या वैतागातून त्या गावात कॉलरींचा केवढा तरी उद्योग उभा राहिला.

आता या कडक बाहीला बटण शिवून पाहा. पुठ्ठ्यासारख्या घट्ट थरांतून बटण ढकलताना दोरा तुटतो. धोब्याकडे कपडे उकळून जड रुळांखालून पिळून निघतात, तिथे शिंपल्याचं बटण फुटून जातं. तेव्हा बटण कपड्याला कायमचं जोडूच नये, हा सरळ मार्ग उरला. कपडा धुवायला जाईल, बटण पेटीत राहील.

हा शहाणपणा आपल्याकडेही होता. रेशमी सदऱ्याची साखळीत ओवलेली सोन्याची बटणं आठवा. लग्नात जावयाला हौसेनं दिली जायची ती. सदरा धुवायला टाकण्याआधी बटणं काढून कपाटात कुलूपबंद व्हायची. बटण एकदा कपड्यापासून सुटं झालं की ते सोन्याचं करता येतं, त्यात खडा बसवता येतो, आणि बापाकडून मुलाकडे जाताही येतं. धुण्याच्या सोयीतून दागिना निघाला!

आता यंत्राकडे वळू. साखळीची कफलिंक दिसायला सर्वांत देखणी, कारण तिच्या दोन्ही टोकांना सारखीच नक्षी असते. बाही कुठूनही दिसली तरी शोभा तीच. पण एकट्या माणसाला ती घालणं म्हणजे कसरत आहे. डाव्या हाताची कफलिंक लावायला एकटा उजवा हात, आणि त्या हातानं कडक कापडाच्या चार थरांतून एक बटण आरपार न्यायचं. बड्या घरांत याला नोकर असायचा. नोकर गेले तसा कफलिंकनं आपला अवयवच बदलला.

ती ‘टक्’ करणारी गोळी हाच तो नवा अवयव. तिला आडवी-उभी होता येतं. दांड्याच्या रेषेत सरळ ठेवली की ती भोकांतून सहज पलीकडे जाते, आणि पलीकडे गेल्यावर काटकोनात फिरवली की परत येऊ शकत नाही. पण फिरवलेली गोळी तशीच का राहते? हात हलतो, बाही घासते, मग ती आपोआप सरळ का होत नाही? उत्तर दांड्याच्या पोटात आहे. गोळीची बिजागरीजवळची बाजू गोल नसून चौकोनी असते, आणि तिच्याखाली पोलादाची एक बारीक पट्टी ताणून बसवलेली असते. चौकोनाची सपाट बाजू पट्टीवर टेकली की गोळी स्थिर. फिरवायला लागलात की चौकोनाचा कोपरा पट्टीला खाली दाबतो, पट्टी वाकते, विरोध करते. कोपरा पलीकडे गेला की पट्टी उसळून पुन्हा सपाट बाजूला चिकटते. तोच तो ‘टक्’. म्हणजे गोळीला राहण्याच्या दोनच जागा, मध्ये कुठे थांबायची सोयच नाही. किती साधी युक्ती आणि किती पक्की!

दुकानात पारख करायची ती इथेच. नक्षीकडे बघण्याआधी गोळी आडवी करा आणि कफलिंक जोरात हलवा. गोळी जागेवरून सुटली, मध्येच लोंबकळली किंवा फिरवताना आवाजच आला नाही, तर आतली पट्टी ढिली आहे. अशी कफलिंक एखाद्या समारंभात निमूटपणे गळून पडते आणि आपल्याला घरी आल्यावर कळतं. दांडा आणि दर्शनी भाग जिथे जोडलाय तिथे नखानं दाबून बघा. तिथे डाख न देता नुसता गोंद लावला असेल तर जोड किंचित हलतो.

आणि पट्टी पोलादाचीच का? चांदीची का नाही? चांदी वाकते आणि वाकलेलीच राहते. तिला परत उसळायचं माहीतच नाही. म्हणून अस्सल चांदीच्या कफलिंकमध्येही ही इवलीशी पट्टी बहुधा पोलादाचीच असते. चुंबक दांड्यापाशी थोडा ओढला गेला म्हणून लगेच सोनाराशी भांडू नका. दर्शनी भाग चुंबकाला चिकटला तर मात्र जरूर भांडा.

इथून धातूची निवड सुरू होते. शुद्ध चांदी इतकी मऊ असते की टेबलावर घासून घासून नक्षी पुसट होईल. म्हणून दागिन्यांच्या चांदीत हजारात ७५ भाग तांबं मिसळतात. तांब्याचे अणू चांदीच्या अणूंपेक्षा लहान. चांदीच्या अणूंच्या शिस्तीत लागलेल्या ओळींमध्ये हे लहान अणू घुसले की ओळी वेड्यावाकड्या होतात आणि एकमेकींवरून सहज घसरत नाहीत. आपण म्हणतो, धातू कठीण झाला. उरलेले ९२५ भाग चांदी, म्हणून शिक्का ९२५.

सोन्याचंही तसंच. आपलं प्रेम बावीस कॅरटवर, शिक्का ९१६. गळ्यातल्या हाराला ते ठीक, पण कफलिंक दिवसभर टेबलाच्या कडेवर आपटत असते, तिच्या बिजागरीवर सतत ताण येतो. तिथे बावीस कॅरट झिजतं आणि भोक सैल होतं. अठरा कॅरट, म्हणजे ७५० चा शिक्का, किंवा चौदा कॅरट, म्हणजे ५८५, हे या कामाला जास्त लायक. सोनं कमी असल्यानं कफलिंक जास्त टिकते, हे आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना पटवणं मात्र सोपं नाही. भारतात सोन्यावर आता शुद्धतेच्या आकड्याबरोबर मानक ब्यूरोची खूण आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. तो ब्यूरोच्या ॲपमध्ये घालून दुकानातच तपासता येतो, आणि तसं करण्यात काहीही अपमानास्पद नाही.

जुन्या इंग्रजी चांदीच्या कफलिंक हाती लागल्या, वारशात किंवा चोर बाजारात, तर भिंगातून त्यांची पाठ बघा. चालणारा सिंह दिसला तर ती स्टर्लिंग, म्हणजे ९२५ चांदी. त्याच्याशेजारी नांगर दिसला तर ती बर्मिंगहॅममध्ये तपासलेली. बर्मिंगहॅमला समुद्र नाही, मग नांगर कुठून आला? अठराव्या शतकात या गावच्या कारागिरांना शुद्धतेचा शिक्का मारून घ्यायला माल दूर चेस्टरला पाठवावा लागे. रस्ते खडबडीत, माल चेपून यायचा. तेव्हा मॅथ्यू बोल्टन नावाच्या कारखानदारानं लंडनला जाऊन पार्लमेंटमागे लकडा लावला आणि १७७३ साली बर्मिंगहॅम आणि शेफील्ड या दोन्ही गावांना शिक्का मारण्याचा हक्क मिळवून दिला. या कामासाठी आलेली मंडळी ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खानावळीत जमत. कोणी कुठली खूण घ्यायची हे नाणं उडवून ठरलं, एकाला मुकुट, दुसऱ्याला नांगर, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी बोल्टनची गोष्ट थक्क करणारीच आहे. बटणं, बकलं असल्या किरकोळ मालाच्या धंद्यात वाढलेला हा माणूस पुढे जेम्स वॉटचा भागीदार झाला आणि वाफेच्या इंजिनामागे त्याचा पैसा उभा राहिला.

चांदीची एक खोड सगळ्यांना माहीत असते. ती काळी पडते. पण का? हवेतल्या ऑक्सिजनमुळे, असं बहुतेक जण सांगतील. ते खरं नाही. ऑक्सिजनला चांदी फारशी भीक घालत नाही. तिचा वैरी आहे गंधक. नाल्याच्या वासात, अंड्यात, लोकरीत आणि रबरात गंधक असतं, आणि ते चांदीशी जुळून काळा थर तयार करतं. कफलिंकच्या जोडीला रबर बँड गुंडाळून ठेवा आणि महिन्याभरानं बघा. रबर बँड जिथे टेकला होता तिथे काळी रेघ उमटलेली असेल.

आता खरी जादू. एका भांड्यात ॲल्युमिनियमचा कागद अंथरा, वर कढत पाणी, त्यात चमचाभर खाण्याचा सोडा, आणि काळी चांदी कागदाला टेकेल अशी ठेवा. थोड्याच वेळात काळेपणा जातो. घासलं तर काळ्या थराबरोबर त्यातली चांदीही निघून जाते. इथे मात्र ॲल्युमिनियम गंधकाला आपल्याकडे ओढून घेतं आणि चांदी परत चांदीच्याच जागी बसते. पाण्याला सडक्या अंड्याचा मंद वास येतो, तोच पुरावा. दोन ठिकाणी मात्र हा प्रयोग करू नका. नक्षीच्या खाचांत मुद्दाम ठेवलेली काळी छटाही यात धुऊन निघते, आणि शिंपला किंवा चिकटवलेला खडा असेल तर तो कढत पाण्यात खराब होतो.

हा व्याप नको असेल तर स्टेनलेस स्टील घ्या. त्यातला क्रोमियम हवेला लागताच स्वतःवर ऑक्साइडचा थर चढवतो, डोळ्याला न दिसणारा, मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाएवढा. ओरखडा पडला तर थर फाटतो आणि हवेतच पुन्हा भरून येतो. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत रोज ऑफिसला घालायची जोडी असेल तर ३१६ दर्जाच्या स्टीलला तोड नाही. मुलामा दिलेल्या पितळेचं तसं नाही. तिचा सोनेरी थर कोटाच्या अस्तरावर आणि टेबलावर घासून आधी कडांवरून जातो. जुनी जोडी घेताना म्हणूनच मध्यभाग न पाहता कडा बघाव्यात. तिथे लालसर-पिवळं पितळ डोकावत असेल तर किंमत ठरवायला सोपं जातं.

आणि धातूच नको असेल तर? पॅरिसच्या शार्वे या शर्ट शिवणाऱ्या पेढीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेशमी गोफाच्या गाठींच्या कफलिंक काढल्या. दोन घट्ट गोल गाठी, मध्ये दोरा. किंमत किरकोळ, रंग हवे तेवढे, हरवल्या तर झोप उडत नाही. दिवसा, हलक्या रंगाच्या शर्टावर या गाठी जितक्या सुंदर दिसतात तितक्या पुष्कळ सोन्याच्या दिसत नाहीत, असं माझं मत आहे.

संध्याकाळच्या पोशाखाचे नियम कडक आहेत. काळा डिनर सूट आणि काळा बो असेल तर कफलिंकमध्ये काळा ऑनिक्स किंवा शिंपला. पांढऱ्या बोचा सर्वांत औपचारिक वेश असेल तर फक्त पांढरा शिंपला. शर्टाच्या छातीवरची सुटी बटणंही त्याच संचातली हवीत. हे नियम नुसते पाठ करण्यापेक्षा ते दोन पदार्थ काय आहेत ते बघा.

बाजारातला काळाकुळकुळीत ऑनिक्स बहुधा निसर्गात तसा काळा नसतो. तो असतो राखाडी अकीक, आणि त्याला काळं करते साखर! अकीकात सूक्ष्म छिद्रं असतात. तो साखरेच्या पाकात दिवसेंदिवस भिजत ठेवायचा, म्हणजे साखर आत मुरते. मग तो गंधकाम्लात घालून तापवायचा. आम्ल साखरेतलं पाणी खेचून घेतं आणि मागे उरतो कार्बन, दगडाच्या पोटात कायमचा कोंडलेला. राजेशाही मेजवान्यांत ज्या काळ्या खड्यांनी मनगटं सजली, त्यांतले पुष्कळ जळक्या साखरेनं रंगलेले होते.

शिंपला याहून अद्भुत. तो ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे रसायन पाहिलं तर खडूच. पण प्राण्यानं तो विटा रचाव्यात तसा रचलेला असतो. चपट्या, अतिपातळ विटा आणि मध्ये प्रथिनाचा लेप. एका विटेची जाडी साधारण अर्धा मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ प्रकाशाच्या लहरीच्या लांबीइतकी. त्यामुळे वेगवेगळ्या थरांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, काही रंग उजळतात, काही विझतात, आणि मनगट हललं की गुलाबी-हिरवी झाक सरकत जाते. शिंपल्यात रंगाचा एक थेंबही नाही! रात्रीच्या दिव्यात तो स्वतः न चमकता प्रकाश खेळवतो. झगमगणारा हिरा तिथे गावंढळ का वाटतो हे यावरून कळावं. शिंपल्याला आम्ल मात्र सोसत नाही. लिंबू, व्हिनेगर, अत्तर यांपासून तो दूर ठेवा.

आता टायकडे. टायपिन मुळात सुई होती. जुन्या काळच्या सैल गळपट्ट्यात, घड्या जागेवर राहाव्यात म्हणून खोचलेली, वर एखादा मोती. मग लांब टाय आला, आणि १९२४ साली न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फनं टायचं कापड धाग्यांशी तिरकं, ४५ अंशांत कापून तीन तुकड्यांत जोडण्याची पद्धत पेटंट केली. तिरकं कापड ताणतं आणि गाठ सोडली की परत मूळ आकारात येतं. आजचे चांगले टाय याच पद्धतीचे. पण त्या नाजूक रेशमात रोज सुई खुपसली तर धागे तुटून भोकं दिसू लागतात. म्हणून न टोचता नुसती पकडणारी क्लिप लोकप्रिय झाली. टोचणारी पिन विणलेल्या किंवा लोकरीच्या टायसाठी ठेवा, तिथे सुई धाग्यांमधून वाट काढते. गुळगुळीत साटिनवर ती लावणं हा अत्याचार आहे.

क्लिपचं काम एकच. टायची पुढची पट्टी, मागची पट्टी आणि शर्टाची बटणपट्टी, तिन्ही एकत्र धरायच्या. निम्मी माणसं ती नुसत्या टायला लावतात, आणि मग टाय क्लिपसकट वरणात बुडतो. शर्टाच्या वरून तिसऱ्या आणि चौथ्या बटणाच्या मध्ये ती लावा. लावल्यावर टाय अगदी थोडा वर ओढा, म्हणजे छातीवर किंचित फुगीर राहील आणि मान वळवताना गळा आवळणार नाही.

एक उदाहरण घेऊ. पुण्यात भावाच्या लग्नाचं संध्याकाळचं स्वागत आहे. तुमचा सूट गडद निळा, शर्ट पांढरा, घडीच्या बाहीचा, टाय मरून रेशमी, हातात स्टीलचं घड्याळ. घड्याळ आणि पट्ट्याचं बकल पांढऱ्या धातूचं, तेव्हा कफलिंकही पांढऱ्या धातूचीच. अंगठी यात मोजत नाहीत. समारंभ संध्याकाळचा आहे, पण डिनर सूट नाही, म्हणून ऑनिक्सची सक्ती नाही. चांदीच्या चौकटीत बसवलेला शिंपला, साधारण दीड सेंटिमीटरचा, उत्तम. याहून मोठा घेतलात तर कोटाच्या बाहीत अडकतो. कोटाबाहेर शर्टाची बाही सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर दिसली पाहिजे, तेवढ्यात कफलिंकची फक्त कड डोकावते आणि हात पुढे केला की पूर्ण दिसते. घालताना बाहीची दोन्ही टोकं एकावर एक चढवू नका, समोरासमोर भिडवा. नक्षीची बाजू अंगापासून बाहेर.

क्लिप चांदीच्याच रंगाची, साधी. कफलिंकवर शिंपला आहे, मग क्लिपवरही शिंपला हवा असं नाही. दोन्हीवर सारखा खडा असला की भेट मिळालेला डबा तसाच अंगावर चढवल्यासारखं दिसतं. टाय रुंद भागी आठ सेंटिमीटर असेल, पण क्लिप लागते तिथे तो अरुंद असतो. तिथली रुंदी मोजा आणि तिच्या पाऊण भागाएवढी क्लिप घ्या. रुंदी सात सेंटिमीटर भरली तर क्लिप पाच सेंटिमीटरच्या आसपास. टायच्या कडेबाहेर आलेली क्लिप नको.

सूटखाली बंद जाकीट असेल तर क्लिप काढून ठेवा, टाय आधीच जाकिटानं धरलेला आहे. बो असेल तर क्लिपचा प्रश्नच नाही. बंदगळ्यावर टाय नाही म्हणजे क्लिपही नाही, पण आत घडीच्या बाहीचा शर्ट असेल तर कफलिंक शोभते. अंत्यदर्शनाला जाताना चकाकी नको, साधं स्टील किंवा गडद रेशमी गाठ पुरे. आणि डॉक्टर असाल तर वॉर्डात दोन्ही नकोत. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनं २००७ पासून कोपराखाली हात उघडे ठेवण्याचं धोरण आणलं, आणि तिथल्या डॉक्टरांच्या बाह्यांवरून कफलिंक उतरल्या.

आयुष्यातली पहिलीच जोडी घ्यायची असेल तर माझा कौल साध्या, अंडाकृती, खड्याविना ९२५ चांदीच्या जोडीला. गोळीच्या बाजूची, साखळीची नको. ती मुलाखतीला चालते, लग्नाला चालते आणि पाठीवर नाव कोरून घेता येतं. शिक्का दोन्ही कफलिंकवर आहे की नाही हे बघा, एकीवर असून चालणार नाही. गोळी ‘टक्’ वाजते का ते दुकानातच ऐका. आणि घरी आल्यावर ती लोकरीच्या कोटाच्या खिशात विसरू नका.